‘सीआरआर-एसएलआरमुळे कर्ज अडलंय’ असं मॅनेजर म्हणतात

पत्र: वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी सुरू केलेलं छोटं वर्कशॉप मी चालवतो. 52 लाखांचं सीएनसी मशीन घ्यायचं आहे. 12 लाख एफडीत आहेत, 40 लाखांचं कर्ज हवंय. बँक ठाण्यातलीच, सहकारी, वडिलांपासूनची. 15 लाखांची कॅश क्रेडिटही तिथेच. तीन महिने फाइल पडून आहे. मॅनेजर म्हणतात, “रिझर्व्ह बँकेने आमचे पैसे सीआरआर-एसएलआरमध्ये अडकवलेत. सीआरआर अजून उतरू द्या, मार्चनंतर बघू.” इकडे व्हॉट्सअॅपवर येतंय की सीआरआर 3 टक्के झाला, म्हणजे बँका आता 33 पट कर्ज देऊ शकतात. मशीनवाला भाव फार दिवस धरून ठेवणार नाही. थांबू, की दुसरीकडे जाऊ? सभासद म्हणून मिळालेला बँकेचा अहवाल सोबत जोडतोय. — एक कारखानदार, ठाणे

---

नमस्कार.

अहवाल जोडलात हे फार बरं केलंत. नाहीतर माझं उत्तर अंदाजावर राहिलं असतं. आता तुमच्याच बँकेच्या आकड्यांवर बोलता येईल. बँकेचं नाव मी इथे घेणार नाही आणि आकडेही थोडे गोल करून लिहिते. 31 मार्च 2025 चा हा ताळेबंद आहे. ठेवी 800 कोटी, दिलेली कर्जं 452 कोटी, सरकारी रोखे 262 कोटी. तूर्त एवढे तीनच आकडे हाताशी ठेवा.

आधी या दोन नियमांचा हिशोब पाहू. सीआरआर म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकेने रोख स्वरूपात बाजूला ठेवायचा तो. व्यापारी बँका तो रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात ठेवतात. तुमच्या बँकेसारख्या बिगर-अनुसूचित सहकारी बँकांना स्वतःच्या तिजोरीतली रोकडही त्यात धरता येते. या पैशावर एक रुपयाही व्याज मिळत नाही. एसएलआरचं तसं नाही. तो हिस्सा रोख, सोनं किंवा सरकारी रोखे अशा रूपात ठेवायचा असतो, आणि व्यवहारात जवळजवळ सगळा रोख्यांतच असतो. ते रोखे बँकेच्याच मालकीचे, त्यांवरचं व्याजही तिचंच. म्हणजे ‘अडकलेले’ हा शब्द सीआरआरला शोभतो, एसएलआरला तितकासा नाही. आज सीआरआर 3 टक्के आहे आणि एसएलआर 18 टक्के. नेमकी टक्केवारी ठेवींवर नव्हे, तर बँकेच्या निव्वळ मागणी व मुदत देण्यांवर मोजतात, पण सहकारी बँकेत ही देणी म्हणजे मुख्यतः ठेवीच. तेव्हा आपल्या कामापुरतं ठेवी धरल्या तरी चालेल.

तर शंभरातले 21 गेले, 79 उरले. 800 कोटींवर हे 632 कोटी होतात. तुमच्या बँकेने कर्जं दिलीत 452 कोटींची.

दोन आकड्यांमधल्या अंतरातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एसएलआरसाठी या बँकेला 144 कोटींचे रोखे लागतात, तिच्याकडे आहेत 262 कोटींचे. जवळपास 118 कोटींचे रोखे तिने नियमापेक्षा जास्त घेतले आहेत, तेही स्वतःहून. तुमच्यासारखी 40 लाखांची सुमारे तीनशे कर्जं त्यात बसली असती. हे जादा रोखे विकता येतात, तारण ठेवून त्यांवर पैसेही उचलता येतात. विकताना भाव पडलेला असेल तर थोडा तोटा होईल, पण कोणी कुलूप घातलेलं नाही.

म्हणून ‘रिझर्व्ह बँकेने पैसे अडकवले’ हे वाक्य या बँकेपुरतं लागू पडत नाही. तुमचे मॅनेजर खोटं बोलतात असं मात्र मला मुळीच वाटत नाही. हे वाक्य बँकिंगमध्ये आमच्या पिढीकडून पुढे आलंय, आणि एके काळी ते शब्दशः खरं होतं.

मी एका सरकारी बँकेत 1989 मध्ये लागले. दोन वर्षांतच फोर्टमधल्या मुख्य कचेरीत निधी विभागात बदली झाली. तेव्हा सीआरआर 15 टक्के होता आणि एसएलआर 38.5. म्हणजे शंभर रुपयांची ठेव आली की साडेत्रेपन्न रुपये दारातच बाजूला काढायचे. उरलेल्या साडेसेहेचाळीसमध्ये शेती, लघुउद्योग यांचा अग्रक्रम सांभाळून सगळं भागवायचं. एक आड एक शुक्रवारी हिशोब द्यायचा असे, त्याला आम्ही ‘रिपोर्टिंग फ्रायडे’च म्हणायचो. त्या दिवशी सकाळपासून आमचे साहेब फोनवर असत. एका हातात पेन्सिल, समोर आखीव रजिस्टर, आणि या बँकेकडून त्या बँकेकडे एकच विचारणा, एका दिवसासाठी पैसे आहेत का. सगळ्याच बँकांना एकाच दिवशी गरज पडल्याने कॉल मनीचे, म्हणजे बँकांच्या या एका दिवसाच्या उसनवारीचे, दर उसळायचे. त्या दिवसांत कल्याणच्या शाखेतून एखाद्या कारखानदाराची फाइल आली आणि आम्ही ‘निधी नाही’ असा शेरा मारला, तर तो खरा असायचा. 1991 मध्ये नरसिंहम समितीने ही दोन्ही प्रमाणं खाली आणायला सांगितलं आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने उतरली. एसएलआर एप्रिल 2020 पासून 18 वर आहे. आकडे उतरले, वाक्य मात्र शाखाशाखांतून तसंच राहिलं.

आता व्हॉट्सअॅपवरच्या 33 पटीकडे वळू. शंभराला तीनने भागून कोणीतरी तो आकडा काढलाय. तुमच्याच मशीनवर तो तपासून पाहा. समजा बँकेने 40 लाख मंजूर केले आणि मशीन विकणाऱ्याचं खातं रबाळ्याला दुसऱ्या बँकेत आहे. आरटीजीएस होताच तुमच्या बँकेच्या हातून 40 लाख रोख निघून गेले. ठेव तयार झाली ती त्या दुसऱ्या बँकेत, आणि त्यावर सीआरआर-एसएलआर ठेवायचं ओझंही त्या बँकेचं. त्या बँकेने त्यातून पुढे कोणाला कर्ज दिलं, तर पैसा तिसऱ्या बँकेत गेला. सगळ्या बँका मिळून पाहिलं तर ठेवी अशा वाढत जातात हे खरं आहे. पण प्रत्येक टप्प्यावर 3 नव्हे, 21 बाजूला पडतात. काही पैसा नोटा होऊन लोकांच्या खिशात जातो. आणि प्रत्येक टप्प्यावर कर्ज घेणारा आणि द्यायला तयार असणारा, असे दोघे असावे लागतात. कुठल्याही एका बँकेने तिच्याकडच्या शंभराचे तेहतीसशे करून वाटले, असं कधीही होत नाही.

सीआरआर उतरल्याने तुमच्या बँकेला प्रत्यक्ष काय मिळालं, तेही मोजू. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने 4 वरून 3 टक्के करायचं जाहीर केलं आणि 6 सप्टेंबरपासून 29 नोव्हेंबरपर्यंत पाव-पाव टक्क्याच्या चार टप्प्यांत ते अमलात आलं. देशभरातल्या बँकांकडे त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील असा रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता. 800 कोटींच्या तुमच्या बँकेच्या वाट्याला त्यातले 8 कोटी आले. ते तिच्याकडे पोचलेही, नोव्हेंबरअखेर. ज्याची वाट पाहायला तुम्हाला सांगितलं जातंय, ते होऊन गेलंय. पुढे अजून कपात होईल या आशेवर मशीन थांबवू नका. कपात झालीच तर बँकेला पुन्हा असेच काही कोटी मिळतील, आणि 118 कोटींचे जादा रोखे बाळगणाऱ्या बँकेचं त्यावाचून काहीच अडलेलं नाही.

व्याज कमी होईल म्हणून थांबायचं मनात असेल, तर तोही हिशोब छोटाच आहे. बिनव्याजी पडलेले 8 कोटी बँकेने 10 टक्क्यांनी कर्जाऊ दिले, तर वर्षाला 80 लाख मिळतील. ते सगळेच्या सगळे तिने कर्जदारांना सोडले असं धरलं, तरी 452 कोटींवर पाव टक्काही होत नाही, 0.18 च्या आतच राहतो. तुमच्या 40 लाखांवर महिन्याला सहाशे रुपयांहून कमी. नवं मशीन एक पाळी बंद राहिलं तरी याहून जास्त जाईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग फाइल का हलत नाही? अहवालाच्या मागच्या पानांत, लेखापरीक्षकांच्या टिपांजवळ, ‘सीआरएआर’ नावाची एक ओळ आहे. बँकेने घेतलेल्या जोखमीच्या मानाने तिचं स्वतःचं भांडवल किती टक्के, ते ही ओळ सांगते. तुमच्या बँकेचा आकडा 12.4 टक्के. भांडवल आणि राखीव निधी मिळून मोजता येईल असं भांडवल 60 कोटी. बहुतेक सभासद हे पान उलटून पुढे लाभांशाकडे जातात, पण माझ्या मते तुमची फाइल इथे अडकली आहे.

बँकेने दिलेल्या प्रत्येक कर्जामागे तिचं स्वतःचं काही भांडवल उभं असावं लागतं, कारण कर्ज बुडालं तर आधी तिचं भांडवल जावं, ठेवीदाराची ठेव नव्हे. 100 कोटींपेक्षा जास्त आणि 1000 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका दुसऱ्या श्रेणीत येतात. त्यांना हे प्रमाण टप्प्याटप्प्याने 12 टक्क्यांवर न्यायचं आहे आणि शेवटची तारीख आहे 31 मार्च 2026. आता गणित करा. 12.4 टक्के म्हणजे 60 कोटींच्या जोरावर बँकेने सुमारे 484 कोटींची जोखीम घेतलेली आहे. 12 टक्क्यांच्या रेषेवर 60 कोटी फार तर 500 कोटींची जोखीम पेलतील. मधली जागा फक्त 16 कोटींची. तिजोरीत कर्जाऊ द्यायला पैसा शंभर कोटींच्या वर आहे, पण भांडवल तोकडं आहे. या वर्षीचा नफा आणि नवे शेअर धरून ती जागा थोडी वाढली असेल, तरीही मार्च जवळ आला की मुख्य कचेरीतून ‘मोठी कर्जं सावकाश’ असा निरोप शाखेला जातो. ‘मार्चनंतर बघू’ या शब्दांत मला तोच निरोप ऐकू येतो.

बँकेने जादा पैसे सरकारी रोख्यांत का घातले, हेही इथेच उलगडतं. तुमच्या 40 लाखांच्या कर्जामागे, जोखमीचा पूर्ण भार धरला तर, तिला 4 लाख 80 हजारांचं भांडवल अडकवावं लागेल. तेच 40 लाख केंद्र सरकारच्या रोख्यात घातले तर पत-जोखमीपोटी भांडवल शून्य. रोख्यावर साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, तुमच्याकडून दहा-साडेदहा मिळतील, पण रोख्याला ना तपासणी लागते ना वसुली. भांडवल कमी असलेली बँक या मोहात पडते. कर्ज देताना शेअर घ्यायला लावतात ना, तेही याच भांडवलासाठी.

आणखी एक नियम तुमच्या फाइलच्या आड येत असावा. नागरी सहकारी बँकांना एकूण कर्जांपैकी किमान निम्मी रक्कम लहान कर्जांत ठेवावी लागते. लहान म्हणजे एका कर्जदाराला 25 लाखांपर्यंत, किंवा बँकेच्या पहिल्या स्तराच्या, म्हणजे मुख्य, भांडवलाच्या 0.4 टक्क्यापर्यंत, यांपैकी जे जास्त असेल ते, आणि कमाल 3 कोटी. अहवालात हे भांडवल 55 कोटी दिसतंय. 0.4 टक्के म्हणजे 22 लाख. म्हणून तुमच्या बँकेची रेषा 25 लाखांवर आहे. तुमची कॅश क्रेडिट 15 आणि मशीनचे 40, दोन्ही एकाच कर्जदाराच्या नावावर धरले जातात. हे 55 लाख रेषेच्या बरेच वर गेले. म्हणजे ज्या कर्जाला तुम्ही छोटं समजता ते तुमच्या बँकेच्या लेखी मोठं आहे. बँकेचं हे प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळत असेल, तर ती 20 लाखांच्या माणसाला आधी बोलावणार.

तेव्हा मॅनेजरांना भेटा, पण सीआरआरवर वाद घालू नका. दोन गोष्टी थेट विचारा. माझा प्रस्ताव मुख्य कचेरीत पाठवलाय का, आणि कर्ज समितीपुढे कोणत्या तारखेला येणार? आणि भांडवलाच्या प्रमाणामुळे किंवा लहान कर्जांच्या अटीमुळे 25 लाखांवरचे प्रस्ताव सध्या थांबवलेत का? दुसऱ्या प्रश्नावर ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले की “वरून तसं आहे खरं,” तर तुम्हाला उत्तर मिळालं. अर्जाची पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. त्यांनी तुमच्या कागदांतली त्रुटी दाखवली, म्हणजे जीएसटी विवरणपत्रं आणि ताळेबंदातली विक्री जुळत नाही असं काही, तर ती मात्र गांभीर्याने घ्या. तीच त्रुटी दुसऱ्या बँकेतही आडवी येईल.

कर्ज थोडं कमी मागून इथेच भागवायचा विचार मनात येईल. मला तो फारसा पटत नाही. 25 लाखांच्या रेषेत बसायचं तर कॅश क्रेडिट धरून मशीनसाठी फक्त 10 लाख उरतात. मशीनचं अर्धं कर्ज इथून आणि अर्धं तिथून घेऊ म्हणाल, तर एकाच मशीनवर दोघांचा बोजा येतो आणि दोन बँकांच्या पत्रव्यवहारात महिने जातात.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या, मोठ्या बँकेकडे आजच अर्ज करा. इथला अर्ज मागे घेऊ नका, दोन्ही चालू द्या. मोठ्या बँकेच्या भांडवलापुढे 40 लाख किरकोळ असतात. गंमत बघा, व्यापारी बँकांचं कर्ज-ठेव प्रमाण एकूण 80 टक्क्यांच्या आसपास आहे, तुमच्या बँकेचं साडेछप्पन. म्हणजे हाती पैसा कमी असलेली बँक तुम्हाला कर्ज देईल आणि पैसा पडून असलेली देणार नाही. जिथे हे प्रमाण 80 च्या पुढे जातं तिथे सीआरआर-एसएलआर खरोखर टोचतो. ते ओळखायचं कसं, तर अशी बँक ठेवींवर शेजारच्या बँकेपेक्षा ठळकपणे जास्त व्याज देऊ लागते, मोठ्या घाऊक ठेवींच्या मागे लागते. आणि रोख कमी पडली तर दंड आहेच. कमी पडलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक रेट’ या व्याजदरापेक्षा 3 टक्के जास्त, कमतरता चालूच राहिली तर 5 टक्के जास्त. म्हणून कुठलीही बँक त्या रेषेशी खेळत नाही. तिथला मॅनेजर ‘पैसे अडकलेत’ म्हणाला तर विश्वास ठेवा. ठाणे-नवी मुंबईतल्या इतर लघुउद्योजकांनीही आपापल्या बँकेच्या अहवालातून हे चार आकडे काढून पाहावेत. ठेवी, कर्जं, सरकारी रोखे आणि सीआरएआर. दहा मिनिटांचं काम आहे.

नव्या बँकेची एक अट जवळपास नक्की असेल, कॅश क्रेडिटही आमच्याकडे आणा. वडिलांपासूनची बँक सोडताना जीव तुटेल, हे समजतं मला. बचत खातं आणि शेअर राहू द्या, सभासदत्व कोणी काढून घेत नाही. पण कॅश क्रेडिट हलवायच्या आधी जुनं मंजुरीपत्र काढून मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क किती ते वाचा आणि मशीनच्या व्याजाच्या तुलनेत मांडून पाहा. नव्या बँकेचं मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत जुन्या बँकेत काहीही बंद करू नका.

आणि ती 12 लाखांची एफडी. पावतीवर किंवा कॅश क्रेडिटच्या कागदांत तिच्यावर लीन, म्हणजे कर्जापोटी बँकेचा हक्क, टाकलेलं आहे का, हे आज रात्रीच पाहा. असेल, तर कॅश क्रेडिट पूर्ण फिटून बँकेचा ना-हरकत दाखला येईपर्यंत ती मोडता येणार नाही, आणि मशीनवाल्याला द्यायची आगाऊ रक्कम तुम्हाला आधी दुसरीकडून उभी करावी लागेल.